मदत हवी आहे: पोराच्या डोक्यात रुपयाएवढी चाई, बिब्बा लावू का?

कपाशीवाला: पोराच्या डोक्यात मागून गोल टक्कल पडलं. पंधरा दिवसांत रुपयाएवढं झालं. मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली, फरक नाही. घरचे म्हणतात बिब्बा लाव. शाळेत पोट्टे चिडवून रायले. काय लावू, लवकर सांगा.

नखशिखांत: वय किती? ट्यूब कोणती? खाज, कोंडा आहे का?

गावरान_उपाय: चाईच हाय. कांदा रगडा, महिन्यात केस येतात.

शेगावकडचा: आधी पाणी तपासा. २०२४ च्या शेवटी आमच्या तालुक्यात गावंच्या गावं टकली झाली. सेलेनियमचा विषय निघाला होता.

नखशिखांत: तो प्रकार वेगळा, तिथं पुंजकेच्या पुंजके हातात येत होते. टायफॉइड-डेंग्यूनंतरची नेहमीची गळतीही वेगळी. ती तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होते, सगळं डोकं विरळ होतं, गोल हद्द दिसत नाही. कपाशीवाले, उन्हात बसवून मोबाईलनं कडेचा फोटो मोठा करून बघा. चाई असेल तर कातडी गुळगुळीत असते आणि कडेला तीन-चार मिलिमीटरचे खुंट दिसतात, वर जाड अन् मुळाशी बारीक. खपल्या आणि कातडीलगत तुटलेले केस असतील तर गजकर्ण. लहान पोरांत आधी तोच संशय घ्यायचा.

कपाशीवाला: वय नऊ. जागा चिकनी आहे, कडेला तसेच खुंट आहेत. ट्यूबवर क्लोबेटासोल लिहिलंय, आणखी दोन नावं आहेत. हो, कानामागंही एक छोटा डाग आहे, त्यावर थोडा भुसा.

नखशिखांत: हे आधी सांगायचं ना बावा! मोठा डाग चाईसारखा, पण कानामागचा भुसा खरवडून तपासल्याशिवाय बोलता येत नाही. गजकर्ण निघालं तर मलम केसाच्या मुळापर्यंत पोचत नाही, काही आठवडे पोटातून औषध लागतं. आणि मिश्र ट्यूबमधलं स्टेरॉइड वरची लाली दाबून आजार झाकतं. चाई निघाली तर छोट्या डागात बऱ्याच जणांना वर्षभरात आपोआप केस येतात, सुरुवातीला पांढरेही. कांद्याला यश मिळतं ते म्हणूनच.

गावरान_उपाय: मग बिब्ब्यानं काय बिघडते?

नखशिखांत: त्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतो. चाईत मूळ जिवंत असतं, भाजल्याचा व्रण पडला की तेही मरतं. मग केस कायमचे गेले.

दाढीत_चाई: मला सुया मारल्या, खड्डा पडला. पोराला मारू देऊ नका.

नखशिखांत: औषध तीव्र किंवा खोल गेलं की खड्डा पडतो, बहुतेकदा काही महिन्यांत भरतो. नऊ वर्षांच्या पोराला सुरुवात सहसा लावायच्या औषधानंच करतात, पण डॉक्टर बघून ठरवतील.

कपाशीवाला: गुरुवारी जिल्ह्याच्या ओपीडीत नेतो. डोकं साफ भादरून नेऊ का?

नखशिखांत: अजिबात नाही! तेच तुटके केस नमुन्याला लागतात. तेलही लावू नका, ट्यूब आजपासून बंद. ट्यूबचं खोकं मात्र सोबत न्या.