फिनीचा गुलाबी शर्ट

> 'अ सेपरेट पीस'मधला फिनी खेळात सगळ्यांच्या पुढे, म्हणजे मर्दानगीचा टिपिकल नमुनाच ना?

मला तर उलट वाटतं. जॉन नोल्सने १९५९च्या या कादंबरीत फिनीला शरीर हिरोचं दिलंय पण जिंकायची हाव दिलीच नाही, शाळेचा पोहण्याचा रेकॉर्ड मोडतो आणि मित्र जीनला म्हणतो कुणाला सांगू नकोस, विषय संपला. बिनधास्त गुलाबी शर्ट घालतो. समुद्रकिनाऱ्यावर रात्री झोपताना तू माझा बेस्ट फ्रेंड आहेस असं सरळ बोलून टाकतो आणि जीनला साधं 'तूही' म्हणता येत नाही, सगळी गोची तिथेच आहे. मैत्री बोलून दाखवायची नाही, फक्त बरोबरी करायची, मग काय, फिनी आपला अभ्यास मुद्दाम बुडवतोय असं जीनच्या डोक्यात बसतं आणि पुढे जीनच्या पायाखालची ती झाडाची फांदी हलते, फिनी खाली पडतो. (स्पॉयलर, पण इथवर आलात म्हणजे वाचलंच असेल.)

त्यांच्याच शाळेतल्या लेपरबद्दल कोणीच लिहिलं नाही इथे. दुसऱ्या महायुद्धातला १९४२-४३चा काळ, जोरजोरात सैन्यभरतीच्या गप्पा मारणारा वर्गमित्र ब्रिंकर, पण स्कीवरच्या सैनिकांची फिल्म बघून सगळ्यात आधी भरती होतो लेपर, हा गोगलगायी शोधत फिरणारा पोरगा, आणि ट्रेनिंगमध्येच कोलमडून पळून येतो. लढाई बघायचीही वेळ येत नाही! ब्रिंकर शेवटी कोस्ट गार्ड निवडतो, त्यातल्या त्यात सेफ म्हणून, आणि त्याचे वडील तेव्हाही पोरांना लढाईच्या आठवणी कमवा असं लेक्चर देत असतात. नोल्सचा खरा राग मला त्या बापाच्या पिढीवर वाटतो. जीनला तो जरा स्वस्तात सोडतो, हे मात्र खटकलं.