महिन्यांचे बारा रकाने हेच मूळ दुखणे

> 'सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्येच ठेवावा की छोटा डेटाबेस करावा? थकबाकी जुळत नाही.'

आधी मांडणी बदला. प्रत्येक सदनिकेसमोर एप्रिल ते मार्च असे रकाने असतील, तर अर्धवट भरणा कुठे लिहायचा हेच कळत नाही.

समजा B-304 चे मासिक बिल २,५०० रुपये आहे. एप्रिल, मे थकले आणि जूनमध्ये ६,००० चा चेक आला. जूनच्या रकान्यात ६,००० लिहिले तर एप्रिल-मे रिकामेच दिसतात. पुढे चेक परत आला की कोणीतरी आकडा पुसतो आणि मागमूसही उरत नाही.

त्याऐवजी A ते D रकान्यांत एकच लांब यादी करा: तारीख, सदनिका, तपशील, रक्कम. बिल अधिक, पावती उणे. तीन बिले ७,५००, पावती −६,०००, बाकी १,५००. चेक परत आला तर +६,००० ची नवी ओळ, बाकी पुन्हा ७,५००. जुन्या ओळीला हात लावायचा नाही. एका सदनिकेची बाकी अशी काढा:

```
=SUMIFS(D:D,B:B,"B-304")
```

यात एक धोका आहे. कोणी B304 टाइप केले की ती ओळ बेरजेतून गुपचूप गळते. म्हणून सर्व सदनिकांच्या बाक्यांची बेरीज D रकान्याच्या एकूण बेरजेशी दरमहा ताडून पाहा; फरक आला तर अशीच ओळ शोधा.

डेटाबेसमध्ये नोंदींचा तक्ता सदनिकांच्या तक्त्याशी फॉरेन कीने जोडला, तर सदनिकांच्या तक्त्यात नसलेला क्रमांक स्वीकारलाच जात नाही. नोंदी करणारे दोघे-तिघे असतील तर मी डेटाबेसच निवडेन. एकच खजिनदार असेल तर ही यादी आणि सदनिकेसाठी ड्रॉपडाउन पुरेसे आहे.