अनुभव धागा: फिरतीवर, हॉटेलात, सेशन बुडल्यावर व्यायाम कसा टिकवता?

फिरस्ता
आज बॅग भरताना तळाशी जुना रबर बँड सापडला आणि फिरतीच्या नोकरीचे दिवस आठवले. सोमवारी स्क्वॅट, बुधवारी बेंच आणि रो, शुक्रवारी डेडलिफ्ट असं वाराला बांधलेलं होतं. प्रवास नेमका आठवड्याच्या मध्ये यायचा, म्हणून छाती-पाठ सारखी बुडायची. मग वार काढून टाकले आणि रांग केली. अ, ब, क. जो बुडला तोच पुढचा, वार कुठलाही असो.

प्रत्येक सेशनचे तीन आकार ठरवून ठेवले. जिम मिळालं तर पूर्ण, नाही तर खोलीत २५ मिनिटांचा, आणि रात्री उशिरा पोचलो तर ८ मिनिटांचा. उदाहरणार्थ ब खोलीत करायचा तर पाय पलंगावर ठेवून पुशअप्स, खाली जाताना ३ सेकंद, आणखी दोनच निघतील असं वाटलं की थांबायचं, असे ४ सेट. मध्ये टॉवेलने रो. ८ मिनिटांत यातलं फक्त पुशअप्स. २५ मिनिटांचा झाला तर रांग पुढे सरकते, ८ मिनिटांचा झाला तर ब तिथेच राहतो. तुम्ही काय करता?

कुकरची_शिट्टी
सेशन म्हणजे ऑफिसचं वाटलं आधी 😀 बरं, टॉवेलने रो कसा करता? मी ओढलं तर दारच उघडेल

लोखंडप्रेमी
@कुकरची_शिट्टी दार तुमच्यापासून लांब उघडणारं हवं. खोलीचं मुख्य दार बहुतेक आत उघडतं, ते आतून ओढलं की अंगावर येतं, म्हणून ते नकोच. बाथरूमचं दार बाथरूमच्या आत उघडत असेल तर टॉवेलच्या टोकाला मोठी गाठ मारा, गाठ बाथरूमच्या बाजूला वरच्या कडेवरून टाका, दार लावा आणि तुम्ही बाहेर उभं राहून ओढा. ओढाल तसं दार चौकटीत आणखी घट्ट बसतं. आधी हळूच ओढून बघा, बिजागरी कुरकुरली तर सोडून द्या आणि बॅग भरून एका हाताने रो करा.

सकाळची_बॅच
माझं ऐका, तीन दिवस गॅप पडला की मसल जायला लागतो, आरशात दिसतं मला. म्हणून बुडलेलं सगळं परत आल्यावर एकाच दिवशी डबल करते

लोखंडप्रेमी
@सकाळची_बॅच दिसतं ते खरंय, पण तो मसल नाही गेलेला. स्नायूतला ग्लायकोजेन आणि त्याच्यासोबतचं पाणी कमी होतं, म्हणून चपटं दिसतं, दोन-तीन सेशनमध्ये परत भरतं. ताकद दोन-तीन आठवडे बऱ्यापैकी टिकते. डबल केलं की पाय इतके दुखतात की पुढचा सेशनही बुडतो. दोन आठवड्यांहून जास्त गॅप असेल तर मी पहिल्या दिवशी वजन १०-१५ टक्के कमी आणि एक सेट कमी ठेवतो, त्याच्या पुढच्या वेळी नेहमीचं.

सकाळची_बॅच
दुखतं हे खरं आहे 🙈 जिना उतरता येत नव्हता मागच्या वेळी

पळती_मांजर
पळणाऱ्यांचं थोडं वेगळं असतं हां, दम ताकदीच्या आधी कमी होतो. हिक्सन नावाच्या संशोधकाचे १९८०च्या दशकातले प्रयोग आहेत, त्यात आठवड्यातले ६ दिवस कमी करून २ केले तरी क्षमता टिकली, पण जोर कमी केला तेव्हा घसरली. म्हणून प्रवासात मी दिवस कमी करते, वेग नाही. ट्रेडमिल मिळाली तर वॉर्मअप आणि मग ३ मिनिटं जोरात २ मिनिटं हळू असं पाच वेळा, बस. नाही मिळाली तर हॉटेलचे जिने, वर जोरात आणि खाली सावकाश चालत

कुकरची_शिट्टी
जिने! माझा गुडघा उतरताना दुखतो, त्याला काय करू

पळती_मांजर
वर जिन्याने जा, खाली लिफ्टने या. तरी दुखलं तर दाखवून घ्या ग, इथे विचारत बसू नका

रात्रपाळी
प्रवास नाही पण माझी पाळी बदलते, तेच हाल. ८ मिनिटंवाला रांगेत धरायचा नाही हे मला पटत नाही. सलग चार वेळा ८ मिनिटंच मिळाली तर पाय कधी येणार? मी तो पण धरतो

फिरस्ता
@रात्रपाळी मुद्दा बरोबर आहे. माझ्या प्रवासात एक-दोनच रात्री तशा असायच्या म्हणून चाललं. तुमच्यासारखं असेल तर दुसऱ्या ८ मिनिटांनंतर रांग सरकवावी बहुतेक. पण जिममध्ये पोचलात की काय, परत ब पासून?

रात्रपाळी
नाही, क. ब मधलं फक्त रो जोडतो शेवटी, कारण खोलीत ओढायचं काहीच होत नाही

लोखंडप्रेमी
हे आवडलं. खोलीत ढकलायचं आणि पायांचं जमतं, पाठीचंच राहतं. बँड टाकाच बॅगेत

सकाळची_बॅच
कुठला घेऊ, लांब लूपवाला का हँडलवाला?