अनुभव धागा : अनोळखी खरेदीदाराला लिहिताना पैसे परत करण्याची हमी

सोलापुरातून बाहेरगावच्या खरेदीदारांना पहिले पत्र लिहिताना आपण कोणती हमी दिली आणि ती कितपत उपयोगी पडली, ते येथे लिहावे.

टेरी टॉवेल उत्पादक, अक्कलकोट रस्ता
‘समाधान न झाल्यास पैसे परत’ या वाक्याला हॉटेलवाल्यांकडून उत्तर येत नसे, कारण समाधान कोण ठरवणार हा प्रश्न त्यात उरतोच. त्यांची खरी भीती टॉवेल धुलाईत आटण्याची असते. म्हणून पुण्यातील एका हॉटेलला मी असे लिहिले : “२०० टॉवेलांपैकी १२ तुमच्याच धुलाईत १५ वेळा धुवा. १५० सेंटिमीटर लांबीचा टॉवेल १४१ च्या खाली गेला, तर ४५ दिवसांच्या आत कळवा. उरलेले १८८ आमच्या भाड्याने परत नेऊ आणि सगळ्या २०० चे पैसे देऊ.” नगाला १६० रुपये धरले, तर माझे नुकसान १२ टॉवेलांचे १,९२० रुपये आणि भाडे एवढेच, कारण न वापरलेला माल दुसरीकडे विकता येतो. मात्र त्यावर हॉटेलचे नाव विणलेले असेल, तर तो कोणी घेत नाही. त्यामुळे नाव दुसऱ्या ऑर्डरपासूनच. रंगीत टॉवेलाला क्लोरीनची ब्लीच वापरल्यास रंगाची हमी नाही, हेही मी त्याच पत्रात लिहितो.

जाहिरात सल्लागार
मुदत जितकी लांब, तितका माल परत येणे कमी, असा माझा अनुभव आहे. सहा महिने द्यावेत.

चादर विक्रेते, नवी पेठ
ऑनलाइन विकलेल्या चादरी लोक वापरून परत पाठवतात. हमीच बंद केली पाहिजे.

टेरी टॉवेल उत्पादक
आपला प्रश्न किरकोळ विक्रीचा आहे. येथे घाऊक खरेदीदाराला लिहिण्याविषयी चालले आहे. सल्लागारांचे म्हणणे घरगुती ग्राहकाबाबत पटते. पण सहा महिने वापरलेल्या टॉवेलाचे आटणे कापडामुळे की गरम ड्रायरमुळे, हे कोण सांगणार? १५ धुलाया होण्यापुरतीच मुदत मी ठेवतो, आणि टॉवेल धुण्यापूर्वी दोघांच्या समक्ष मोजून घेतो.

कर सल्लागार
पैसे घेऊन परत करण्यापेक्षा माल पसंतीवर पाठवणे सोपे पडते. माल डिलिव्हरी चलनावर जातो. पसंती कळली की बीजक करायचे, आणि जीएसटी कायद्यानुसार माल निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते करावेच लागते. परतीच्या वेळी क्रेडिट नोट करण्याचा खटाटोप वाचतो.

टेरी टॉवेल उत्पादक
हिशेबाला ते सोयीचे आहे खरे. पण ज्याने पैसेच दिलेले नाहीत, तो १५ वेळा धुऊन पाहण्याची तसदी घेत नाही. गठ्ठे त्याच्या गोदामात पडून राहतात आणि उत्तर लांबत जाते. निम्मी रक्कम आगाऊ घेऊन कोणी पसंतीवर माल पाठवला असेल, तर त्यांनी लिहावे.