मदत हवी आहे: आयटीआय, डिप्लोमा, की थेट लायसन? कुठल्या कागदावर नेमकं काय करता येतं?

वायरिंगवाला_पोरगा

नमस्कार. यंदा दहावी झाली. राहायला सांगली जिल्ह्यात. वडील गेली बरीच वर्षं घरांची वायरिंग करतात, पण त्यांच्याकडे कसलाही कागद नाही. मला याच कामात जायचंय आणि पुढे स्वतःच्या नावावर कामं घ्यायची आहेत.

वडील म्हणतात आयटीआय कर. मामा म्हणतात डिप्लोमा कर, पुढे डिग्रीला जाता येतं. तालुक्याच्या गावात एक खाजगी इन्स्टिट्यूट आहे, ते म्हणतात ‘६ महिन्यांत डिप्लोमा इन इलेक्ट्रिकल, गव्हर्नमेंट रजिस्टर्ड, लायसनला चालतो’. सर्टिफिकेट, सर्टिफिकेशन, डिप्लोमा, लायसन, डिग्री हे सगळं ऐकून डोकं गरगरायला लागलंय. यातलं कुठलं कशासाठी, कुणी नीट सांगेल का?

निवांत_पुणेकर

सोपं आहे. सर्वांत वर डिग्री, तिच्या खाली डिप्लोमा, मग सर्टिफिकेट. वरचं केलंस की खालचं सगळं त्यात आलंच. बीई इलेक्ट्रिकल झालास की लायसन वगैरे आपोआप मिळतं. हुशार असशील तर अकरावी सायन्स घे, आयटीआयच्या भानगडीत पडू नकोस.

मेगरकाका

पुणेकर, अर्धं बरोबर आहे तुमचं. शिक्षणाच्या शिडीत डिग्री वर, हे खरं. पण लायसन त्या शिडीवर नाहीच. ते कॉलेज देत नाही, सरकार देतं. नवा बीई झालेला मुलगा उद्या माझ्या गावात गिरणीची वायरिंग करून टेस्ट रिपोर्टवर सही करू शकत नाही.

बाळा, तुझ्याच धंद्यातलं उदाहरण घे. समज, गावात एकाला पिठाची गिरणी टाकायची आहे, थ्री फेज कनेक्शन हवंय. महावितरण त्याच्याकडे वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट मागतं. त्यावर सही लागते विद्युत ठेकेदाराची, आणि त्याच्याकडे राज्याच्या अनुज्ञापक मंडळाची अनुज्ञप्ती, म्हणजे लायसन, असावं लागतं. काम ज्याच्या देखरेखीखाली झालं त्याच्याकडे पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र हवं. प्रत्यक्ष वायर ओढणाऱ्याकडे तारतंत्री, म्हणजे वायरमनचा, परवाना हवा. हे आजचं नाही. १९५६ च्या वीज नियमांतही ठेकेदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री अशी उतरंड होती.

आता सहीचा अर्थ काय? मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर, लावायचा, ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट द्यायचं, इन्सुलेशन किमान १ मेगओहम यायला पाहिजे. अर्थिंग मोजायचं. मग आकडे लिहून सही. गावोगाव काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे: काम एक जण करतो, आणि पैसे देऊन दुसऱ्या लायसनवाल्याची सही घेतो. मेगर पेटीतून बाहेरच येत नाही. उद्या गिरणीत कुणाला शॉक बसून तो गेला, तर विद्युत निरीक्षक चौकशीला येतो, आणि पहिला प्रश्न असतो की रिपोर्टवर सही कुणाची.

म्हणून तुझं उत्तर दोन तुकड्यांत आहे. शिकल्याचा कागद म्हणजे आयटीआय, डिप्लोमा नाहीतर डिग्री. काम करायची मुभा म्हणजे परवाना आणि लायसन. पहिला कागद दुसऱ्याचं दार उघडतो, पण अर्ज वेगळा, अनुभवाचा दाखला वेगळा, आणि लायसन मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं. डिग्रीचं नूतनीकरण कुणी मागत नाही.

सह्याद्री_ताई

डिप्लोमाच्या प्रवेशाला डोमिसाईल आणि नॉन क्रीमीलेअर आत्ताच काढून ठेव रे. सेतू केंद्रात शेवटच्या आठवड्यात फार गर्दी होते.

मेगरकाका

ताई, तो त्या सर्टिफिकेटबद्दल विचारत नाहीये :) पण सल्ला कामाचा आहे.

आर्गॉन_आप्पा

मी इलेक्ट्रिकलचा नाही, पाइप वेल्डर आहे, चाकण, बडोदा, मग आखातात. ‘सर्टिफिकेशन’ म्हणजे काय ते माझ्याकडून ऐक. माझ्याकडे आयटीआय वेल्डरचं सर्टिफिकेट आहे, ते मरेपर्यंत माझं. पण साइटवर गेलो की ते बघून कुणी वेल्डिंगची टॉर्च हातात देत नाही. पाइपचा तुकडा देतात, ठरलेल्या पोझिशनला वेल्ड मारायला लावतात, मग त्याची पट्टी कापून वाकवून बघतात किंवा एक्स-रे काढतात. पास झालो की त्याच पद्धतीपुरता मी क्वालिफाइड. आणि सहा महिने त्या पद्धतीचं वेल्डिंग केलं नाही, तर ते संपलं, परत टेस्ट. एकदा गावी लग्नकार्य आणि आजारपणात लांबलो, परत गेल्यावर टीग वेल्डिंगची टेस्ट नव्याने द्यावी लागली. म्हणजे शिकलो होतो हे कागद सांगतो, आज हात चालतो का हे सर्टिफिकेशन सांगतं.

वायरिंगवाला_पोरगा

आता बरंच उलगडलं. काका, त्या ६ महिन्यांच्या डिप्लोमाचं काय? त्यांनी भिंतीवर आयएसओचं प्रमाणपत्र लावलंय. आणि वडिलांना आता काही करता येईल का?

मेगरकाका

आयएसओ ऑफिसचा कारभार कसा चालतो त्याचं असतं, कोर्सचं नाही. ‘रजिस्टर्ड’ म्हणजे बहुतेक वेळा संस्था किंवा दुकान म्हणून नोंदलेलं. त्यांना एकच विचार: मार्कशीटवर कुठल्या मंडळाचं नाव येणार? दहावीनंतरचा इंजिनिअरिंग डिप्लोमा ३ वर्षांचा असतो, परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं, आणि प्रवेशाच्या फेऱ्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या असतात. आयटीआय इलेक्ट्रिशियन २ वर्षांचं, शेवटी अखिल भारतीय परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र. ६ महिन्यांत मिळणाऱ्या कागदावर ‘डिप्लोमा’ छापायला त्यांना कुणी अडवत नाही, पण लायसनचा अर्ज करशील तेव्हा तो बाजूला पडेल. शिकायला मोटर रिवाइंडिंग वगैरे चांगलं शिकवत असतील तर जा, पण त्या नावासाठी पैसे मोजू नकोस.

वडिलांसाठी: अनुभवी माणसांकरता तारतंत्री परीक्षा असते. जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये किंवा विद्युत निरीक्षकाच्या ऑफिसात चौकशी कर, अनुभव कसा दाखवायचा तेही विचार. कुठल्या तरी लायसनवाल्या ठेकेदाराकडे त्यांनी काम केलं असेल तर त्याचं पत्र उपयोगी पडेल.

निवांत_पुणेकर

मान्य, लायसनबद्दल माझं चुकलं. पण तरी डिप्लोमाच करावा. पुढे थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला जाता येतं.

तारांगण_लाइनमन

डिप्लोमा मोठा म्हणून तो सगळीकडे चालतो असं नाही. महावितरणच्या विद्युत सहाय्यकाच्या जाहिराती काढून वाचा, तिथे आयटीआय इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन मागतात. माझ्या बरोबरचा डिप्लोमावाला त्या जागेला अर्जच करू शकला नाही. आयटीआय करून अप्रेंटिस कर, पगार नाही पण विद्यावेतन मिळतं. मग वाटलं तर थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा घे.

मेगरकाका

तो रस्ता आहे, पण सांभाळून. आयटीआयवरून दुसऱ्या वर्षाला गेलेली पोरं गणितात अडकतात, कारण पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी बघितलेलंच नसतं. माझ्याकडचे दोघे त्यात अडकून मध्येच परत आले, एकाने मात्र तडीला नेलं.

बाळा, दहावीला गणितात किती मार्क आहेत ते आधी सांग, मग बोलू.

वायरिंगवाला_पोरगा

५४. बीजगणित बरं जातं, भूमितीत मार खाल्ला.