प्रतिसाद: कर्नलसाहेबांचा बायोडेटा

"लष्कराच्या ईएमई या यंत्र-वाहन दुरुस्ती विभागातून कर्नल म्हणून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, सांगलीत सल्लागार म्हणून काम शोधतोय. कुपवाड एमआयडीसीतले उद्योजक आदराने चहा पाजतात, काम मात्र देत नाहीत. बायोडेटात काय बदलू?"

सर, 'वर्कशॉप कमांड केलं' या ओळीतून कारखानदाराला स्वतःचा फायदा दिसत नाही. त्या जागी व्हीओआरचं, म्हणजे बंद पडून उभ्या असलेल्या गाड्यांचं, काम मांडा, पण व्हीओआर हा शब्द न वापरता. समजा, दर शंभर गाड्यांमागे पंधरा बंद असायच्या. तुम्ही कारणं वेगळी केली, तेव्हा त्यातल्या दहा गाड्या दुरुस्त करता येत नव्हत्या म्हणून नाही, तर सुटे भाग न आल्यामुळे उभ्या होत्या. मग वारंवार लागणाऱ्या भागांचा किमान साठा ठरवला आणि बंद गाड्या सहावर आल्या. फाउंड्रीवाल्याला हे लगेच पटेल, कारण त्याचा कॉम्प्रेसरही बेअरिंगची वाट बघत थांबतो.

आकडे प्रमाणातच द्या. युनिटची एकूण वाहनसंख्या, ठिकाण, तैनाती कुठेही लिहू नका. ती माहिती गोपनीय असते.

आणखी एक अडचण आधीच ओळखून ठेवा. तिथे तुमचा हुकूम चालणार नाही. साठ्यात पैसे अडकवायला मालक तयार होत नाहीत आणि मेंटेनन्सचा माणूस तुमच्या हाताखाली नसतो. म्हणून पहिल्या भेटीत पगार किंवा पद मागू नका. एकाच मशीनची तीन महिन्यांची बंद राहिल्याची नोंद मागा, कारणांनुसार तास वेगळे करा आणि तो कागद मालकासमोर ठेवा. नोंदच नसेल, तर ती सुरू करून देणं हेच तुमचं पहिलं काम.