वरच्याचं पाणी, खालच्याचं कपाट: भुर्दंड कुणाला?

मांडवीकर
वरच्या फ्लॅटमधून पाणी आलं, भिंत गेली, फर्निचर गेलं, तर सगळा खर्च वरच्याने द्यायचा. यात चर्चेला आहे काय? घराच्या पॉलिसीत पैसे घालणारे बावळट. असल्या क्लेमचा एक रुपया कुणाला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. सोसायटीत लेखी तक्रार टाका, वसूल करा, विषय संपला.

फणसगर
विषय संपला म्हणताय, मग ऐका. मी विम्याच्या सर्व्हेचंच काम करतो, रत्नागिरीपासून खाली देवगडपर्यंत.

एक प्रकरण सांगतो. गणपती आटोपून वरचे बिऱ्हाड मुंबईला परतलं. बाथरूमच्या माळ्यावर त्यांची २०० लिटरची प्लास्टिकची टाकी. तिच्या फ्लोट व्हॉल्व्हचा गोळा दांडीवरून निसटला, आणि ओव्हरफ्लोच्या पाईपला कुणीतरी कधीकाळी बूच मारून ठेवलेलं. सोसायटीचं पाणी सुटलं की टाकी भरायची आणि बंद घरात वाहत राहायची. खालच्यांना कळलं ते पंख्याच्या हुकातून धार लागली तेव्हा. पीओपीचा एक तुकडा थेट पलंगावर. वॉर्डरोबचं प्लाय फुगलेलं, सनमायका कडेने उचकटलेला, गादी पिळून काढावी अशी.

खालच्यांनी मागणी केली ती अशी: छत, पीओपी आणि रंग ३४,०००, वॉर्डरोब ७१,०००, गादी १२,०००. त्यांची 'भारत गृह रक्षा' ही घराची पॉलिसी होती, इमारत १५ लाख. सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण, म्हणजे ३ लाख, त्यामुळे रक्कम कमी पडायचा प्रश्नच नव्हता. वॉर्डरोबची दारं शाबूत होती म्हणून त्याचे ५२,००० धरले, बाकी पूर्ण. ९८,००० मंजूर झाले. हा घ्या तुमचा न ऐकलेला रुपया.

कारण त्या पॉलिसीत आग, वादळ, पूर यांच्या जोडीला पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाईप फुटणं किंवा ओसंडणं हेही लिहिलेलं आहे. टाकी तुमची की वरच्याची, याने तुमच्या नुकसानीत फरक पडत नाही.

मांडवीकर
बरं, ९८ हजार मिळाले, अभिनंदन. पण हप्ता खालच्याने भरायचा आणि माळ्यावरच्या टाकीला बूच वरच्याने मारायचं? हा कुठला न्याय?

फणसगर
तिथेच पुढची गंमत आहे. कंपनीने पैसे दिले की वसुलीचा हक्क कंपनीकडे जातो. वरच्यांना नोटीस कंपनीची गेली. खालच्याने भांडत बसायचं नाही, एवढाच त्याचा फायदा.

मांडवीकर
म्हणजे शेवटी दिले वरच्यानेच! मग मी काय वेगळं म्हणत होतो?

फणसगर
तुम्ही "पॉलिसी घेणारे बावळट" म्हणत होतात.

सुरंगी
फणसगर, तुमच्या धंद्यातल्या माणसांवर माझा राग आहे, आधीच सांगते. आमच्या हॉलच्या भिंतीला वरच्यांच्या न्हाणीतून ओल येते. माझी पॉलिसीही तीच. सर्व्हेअर आले, भिंतीवर टॉर्च मारला, बोटाने लोणा खरवडला आणि गेले. पत्र काय आलं? "हळूहळू झालेली ओल, अचानक घटना नाही." अहो, पाणी ते पाणी! मोठी धार लागली की पैसे, आणि वर्षभर थेंब थेंब पडलं की काही नाही?

फणसगर
राग धरा, पण पत्र चुकीचं नाही. तुमच्या भिंतीवर पिवळसर कड्यांची वलयं असतील, एकात एक. प्रत्येक वलय म्हणजे एकदा भिजून वाळल्याची खूण. ती दिसली की घटना एका दिवसाची नाही हे आम्ही न विचारता ओळखतो. ताज्या पाण्याचा डाग एकच असतो, कड मऊ असते आणि लोणा नसतो. न्हाणीचं वॉटरप्रूफिंग खचणं, टाईलच्या सांध्यातलं ग्राऊट जाणं, हा देखभालीचा भाग. फुटणं नाही, ओसंडणं नाही. यात कुठलीच पॉलिसी उपयोगाला येत नाही, ना तुमची ना वरच्यांची. इथे मांडवीकरांचं म्हणणं खरं: खर्च वरच्यांनी करायचा.

मांडवीकर
नोंद घ्या मंडळी, फणसगरांनी माझं काहीतरी मान्य केलं.

खजिनदार
एवढी डोकेफोड कशाला? सोसायटीची पॉलिसी असते की. आमच्या इमारतीची आम्ही दरवर्षी काढतो. सगळं त्यातच बसतं, सभासदाने वेगळं काही काढायची गरज नाही.

फणसगर
खजिनदारसाहेब, तुमच्या पॉलिसीचा शेड्यूल उघडून बघा. इमारत लिहिलेली असेल, फारतर पंप आणि लिफ्ट. सभासदाचं वॉर्डरोब तिथे कोण लिहिणार? छताचं प्लास्टर त्यात बसवता येईल, फर्निचर नाही. गृहकर्जाबरोबर बँक जी पॉलिसी गळ्यात घालते तिचंही तेच, बहुतेक वेळा फक्त इमारत. आणि रक्कम बांधकामाच्या खर्चावर असते, फ्लॅटच्या बाजारभावावर नाही.

खजिनदार
ठीक आहे, पंप आणि लिफ्ट लिहिलेत. पण सोसायटीची जबाबदारी काढलीच आहे तर बोलतो. आमच्या १६ फ्लॅटपैकी निम्मे बंद. मालक डोंबिवली, विरार, नालासोपारा. शिमग्याला आणि गणपतीला चार दिवस येतात, आल्याबरोबर "पाणी का कमी" म्हणून आमच्या नावाने बोंब, आणि गेल्यावर नळ गळतात ते आम्ही निस्तरायचे. अशा बंद फ्लॅटना नॉन ऑक्युपन्सी चार्ज लावा, दुप्पट लावा, मग चाव्या ठेवून जातील मुकाट.

चाकरमानी
खजिनदार, तुमका काय वाटला, आम्ही मजेसाठी घर बंद ठेवतो? पोटासाठी मुंबईक गेलो. वर्षभर मेंटेनन्स भरतो, पाणी वापरत नाही, लिफ्ट वापरत नाही. आणि चार दिवस गावाक इलो तर आम्ही तुमका नकोसे? गाव आमचो पण हा!

खजिनदार
गाव तुमचा, आणि भिजलेली भिंत आमची.

चाकरमानी
चावी ठेवायला माणूस विश्वासाचा लागतो. मागच्या खेपेला ठेवली होती. आलो तेव्हा आमच्या पंख्याखाली कुणाचे तरी फणसपोळीचे ताट वाळत घातलेले.

सुरंगी
😄 हे मात्र आमच्याकडेही झालंय. आंब्याचं साठ होतं.

खजिनदार
विषयांतर करू नका. दुप्पट चार्ज लावायचाच.

फणसगर
लावाल तर अडकाल. तो चार्ज फ्लॅट भाड्याने दिला असेल तरच, आणि तोही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत, २००१ च्या शासन आदेशानुसार. कुलूप लावलेल्या घराला नाहीच. चाकरमानी, तुम्हीही जरा ऐका. निघताना घरात येणाऱ्या लाईनचा मेन कॉक बंद करा. गिझरला जाणारी ती जाळीदार नळी खाऱ्या हवेत दोन-तीन वर्षांत गंजते. ती फुटली तर तुम्ही शंभर कोसांवर, आणि नोटीस तुमच्या नावे.

चाकरमानी
मेन कॉक गंजून फिरत नाही. तो बदलायला प्लंबर मिळेल का गणपतीच्या चार दिवसांत? पण बरं. बदलतो.

गच्चीखालचा
आमच्या छतावर फक्त पावसाळ्यात ओल येते, जून ते सप्टेंबर. आमच्या वर तर फ्लॅटच नाही, गच्ची आहे. मी कुणाकडून वसूल करू? बिल्डर म्हणतो सोसायटी बघेल, सोसायटी म्हणते बिल्डर. ताबा मिळून तीन वर्षं झालीत.

फणसगर
तुमचं प्रकरण वेगळं, शेजाऱ्याचा संबंधच नाही. ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष दिसला तर रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार बिल्डरने ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा. आजच लेखी कळवा, तारखेची पोच घ्या. पाच वर्षं उलटली की गच्ची, बाहेरची भिंत आणि सामायिक पाईप हे सोसायटीच्या अंगावर.

मांडवीकर
पण मूळ भांडण तेच राहिलं. वरचा म्हणतो "माझ्याकडून नाही", खालचा म्हणतो "तुझ्याकडूनच". आमच्याकडे तर जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती. त्या कुठून पाणी पितात हे देवालाही कळायचं नाही.

फणसगर
देवाला नको, प्लंबरला कळतं. तीन गोष्टी करा. आधी वरच्यांचा मेन कॉक पूर्ण बंद ठेवा, त्यांना बादलीत साठवलेलं पाणी वापरू द्या आणि एक दिवस ओल बघा. ती वाढायची थांबली तर दाबाच्या पाण्याची लाईन फुटली आहे. थांबली नाही आणि फक्त अंघोळीनंतर वाढते, तर सांडपाण्याची बाजू: नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं पाणी जायचं तोंड, किंवा त्याचा सांधा. खात्री करायला ट्रॅपला फडक्याचं बूच मारा, न्हाणीत दोन इंच पाणी साठवा, रंग मिसळा आणि २४ तास ठेवा. खाली तोच रंग उतरला की वरच्याला वाद घालायला जागा राहत नाही. आणि फक्त पावसात ओल येते, उन्हाळ्यात भिंत कोरडी, तर वरच्याला शिव्या देऊ नका. पाणी बाहेरून येतंय. चिऱ्याच्या भिंतीत ते दहा फूट आडवं जाऊन तिसऱ्याच खोलीत निघतं, हे मात्र तुमचं बरोबर.

खजिनदार
आणि वरच्याने रंगाचं पाणी ओतूच दिलं नाही तर?

फणसगर
सेक्रेटरीने आगाऊ नोटीस देऊन तपासणी करायची, उपविधींत तशी सोय आहे. तरी दार उघडलं नाही तर सहकार न्यायालय. तिथे तारखा किती पडतात हे सांगून तुमचा उत्साह घालवत नाही.

सुरंगी
माझा प्रश्न राहिलाच. टाकी ओसंडली तर क्लेम मिळतो म्हणालात. वरच्यांनी नळ उघडा ठेवला, पाणी नव्हतं म्हणून विसरले, रात्री पाणी आलं आणि खाली आलं. तेव्हा?

फणसगर
हा वादाचा मुद्दा आहे. नळ "उपकरण" आहे की नाही, आणि बेसिनमधून वाहणं म्हणजे "ओसंडणं" की नाही, यावर मी दोन्ही बाजूंचे निर्णय पाहिलेत. माझ्या मते द्यायला हवं, पण शाश्वती देत नाही. नाकारलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. समाधान झालं नाही किंवा महिनाभर उत्तर नाही आलं तर विमा लोकपाल, फी लागत नाही.

सुरंगी
आणि परवाचीच गोष्ट. वरचे म्हणतायत, २०,००० घ्या आणि "आता काही देणंघेणं नाही" अशा कागदावर सही करा. करू का?

फणसगर
तुमची जुनी ओल आहे आणि क्लेम नाकारलाय, तर तुमच्यासाठी हरकत नाही. पण आधी रंगाऱ्याचं लेखी अंदाजपत्रक घ्या, आणि २०,००० फक्त भिंतीसाठी, गळती दुरुस्ती वरच्यांनी स्वतःच्या खर्चाने करायची, असं कागदात लिहा. नाहीतर पुढे पुन्हा तेच. ज्यांचा क्लेम चालू आहे त्यांनी मात्र असा कागद सही करू नये. कंपनीचा वसुलीचा हक्क तुम्ही सोडून दिलात म्हणून क्लेमच अडतो.

मांडवीकर
एवढं सगळं वाचून मी काय करायचं ते सांगा. पॉलिसी काढू?

फणसगर
भिंत कोरडी असताना काढा. आणि त्यात 'सामान' लिहिलंय का ते बघा.

मांडवीकर
बघतो. पण बावळट म्हटलं ते मागे घेत नाही.

चाकरमानी
आणि माझ्या घरात फणसपोळी कोणी वाळत घातली होती, ते अजून कोणी बोललेलं नाही.